पडीक रान आणि गोष्ट
(कादंबरीतल्या निसर्गवर्णनावरच्या एका लेखसंग्रहाची प्रस्तावना)

2022 च्या एप्रिलमध्ये उदगीरला 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा एक पाहुणे लेखक आमच्याकडे मुक्कामाला होते. बाहेरगावचा माणूस आला की आम्ही त्याला किल्ल्यावर नेतो, तसं त्यांनाही नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना शिवार बघायचं होतं, म्हणून देवणीच्या रस्त्यानं निघालो. चैत्र सरत आलेला. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी ढेकळं, बांधावर तुराट्यांचे ढीग, मधूनच एखादा लिंब. पाहुण्यांनी थोडा वेळ खिडकीतून बघितलं आणि अगदी सरळ मनानं विचारलं, "इथं वर्णन करण्यासारखं काय असतं हो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते गाडी चालवणाऱ्या पोरानं दिलं, आणि त्याला आपण उत्तर देतोय हेही ठाऊक नव्हतं. नांगरलेल्या रानांच्या मधोमध दोन-अडीच एकरांचा एक तुकडा तसाच पडलेला होता. त्यात तरवड माजला होता, बाभळीची पोरं कमरेइतकी झाली होती. तिकडं हनुवटी करून तो म्हणाला, "दोघा भावांचं हाय. कोर्टात चालू हाय सात-आठ वर्षं झालं. आधी मधी बांध होता, आता बांध कुठला ते त्यांनाबी घावायचा नाही."

पाहुण्यांनी पाहिलेलं आणि त्या पोरानं पाहिलेलं रान एकच. एकाच्या लेखी ते उजाड होतं, दुसऱ्याला त्यात एक अख्खी कादंबरी दिसत होती. निसर्गवर्णन गोष्टीला कधी खोली देतं आणि कधी तिच्या पायात येतं, याचा विचार आमच्या वाचकगटात पुढची दोन वर्षं चालला तो याच तुकड्यापासून. हे पुस्तक त्यातून झालं. आमच्यात शिक्षक आहेत, मोंढ्यात आडत असणारे एक जण आहेत, कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक जण आहेत आणि कादंबरी लिहू पाहणारी तीन तरुण मुलं आहेत. समीक्षक म्हणावं असं कुणी नाही.

ज्यांनी या विषयाकडे कधी वेगळं लक्ष दिलं नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी मागची वाट सांगतो. या वाङ्मयप्रकाराला 'कादंबरी' हे नाव आपण बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या ग्रंथावरून दिलं. पलीकडच्या बिदर जिल्ह्यात कन्नड बोलणारेही हाच शब्द वापरतात. बाणाचा ग्रंथ ज्यासाठी गाजला त्यात त्याची लांबलचक वर्णनं आली. विंध्याटवी, तिच्यातला शाल्मली वृक्ष, त्यावरची पोपटांची घरटी, सगळं वाक्यामागून वाक्य उलगडत जातं आणि कथा शांतपणे बाजूला उभी राहते. दंडीनं 'काव्यादर्शा'त महाकाव्याची लक्षणं सांगताना नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय यांची वर्णनं त्यात घातलीच होती. म्हणजे वर्णन हा कवीचा अधिकार होता आणि श्रोत्यालाही ते हवं असे. आपल्याकडे कादंबरी आली ती या वारशासकट. 'मुक्तामाला' (1861), 'मंजुघोषा' (1868) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या काळात हाच थाट चालला. त्याआधीच्या बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (1857) प्रवास असूनही नजर वाटेवरच्या देखाव्यापेक्षा विधवांच्या हालांवर राहिली, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते.

पण याच वारशात दुसरी एक रीत होती आणि ती तर आमच्या गोदाकाठची. सातवाहनांच्या काळाशी जोडलेली हालाची 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतातली. ध्वनिसिद्धान्त मांडणाऱ्यांनी तिच्यातली एक गाथा वारंवार चर्चेला घेतली आहे. एक धार्मिक गृहस्थ रोज फुलं वेचायला नदीकाठी येतो. एक बाई त्याला सांगते की बाबा, आता निर्धास्त फिर, तुला त्रास देणाऱ्या त्या कुत्र्याला गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहानं आजच मारलं. वरवर हा दिलासा आहे, पण खरं तर तिला त्याला तिथून हुसकायचं आहे, कारण ती जाळी तिची संकेताची जागा आहे. नदी, जाळी आणि सिंह मिळून दोन ओळींत येतात. त्यांच्यात सौंदर्याचा एक शब्द नाही, पण ती जाळी काढून घेतली तर गोष्टच उरत नाही. रसशास्त्रात ज्याला उद्दीपन विभाव म्हणतात, म्हणजे भाव पेटवणारी भोवतालची परिस्थिती, त्याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. बाणाची रीत आणि गाथेची रीत, या दोन टोकांमध्ये मराठी कादंबरी आजवर ये-जा करत आली आहे.

हरिभाऊ आपट्यांनी सामाजिक कादंबरी घरात आणली, तेव्हा माजघर आणि ओसरी यांनी बागबगीच्यांची जागा घेतली. फडके-खांडेकरांच्या काळात चांदणं, समुद्र आणि टेकडी प्रेमिकांच्या मागं पडद्यासारखी टांगली गेली. तो काळ मी भरभर ओलांडतो, कारण त्यातला निसर्ग बहुतेक वेळा कुठल्याही गावाला चालला असता. खरा बदल 1950 च्या आसपास झाला. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीच्या बापू'पासून (1952) जिला प्रादेशिक कादंबरी म्हणतात तिची चर्चा जोरात सुरू झाली. गो. नी. दांडेकरांनी डोंगर आणि कोकण पायाखाली घालून लिहिलं. व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त (1955) माणदेशचा माळ आणला. पुढं उद्धव शेळके, आनंद यादव, रा. रं. बोराडे यांच्या लिखाणात शेत हा देखावा राहिला नाही, ती कामाची जागा झाली. 'झाडाझडती'त (1991) धरणाखाली जाणारी जमीन हाच पेच झाला आणि सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये (2002) शेतीचं तोट्यात जाणं.

या प्रवासातल्या दोन पुस्तकांपाशी मी थोडा थांबतो, कारण आमच्या गटातला सर्वांत मोठा वाद त्यांच्यावरून झाला. एक दांडेकरांचं 'पडघवली' (1955) आणि दुसरं बोराड्यांचं 'पाचोळा' (1971). बोराडे आमच्याच जिल्ह्यातल्या काटगावचे. दोन्ही कादंबऱ्या बाईच्या तोंडून सांगितलेल्या, आणि दोन्हींत ती बाई आपल्या घरच्या, गावच्या बोलीत बोलते. 'पडघवली'ची अंबावहिनी बोलू लागली की झाडं, पाणी, वाटा, वेली थांबत नाहीत. 'पाचोळा'तली पारबती शिंप्याची बायको. तिच्या बोलण्यात देखावा म्हणून रान जवळजवळ येतच नाही. एकीत निसर्ग ओसंडतो, दुसरीत औषधालाही नाही. तरीही दोन्ही गोष्टी अडत नाहीत, हे कसं?

आडतवाल्या काकांनी याचं जे उत्तर दिलं ते मी त्यांच्याच हिशोबी भाषेत देतो. त्यांचं म्हणणं असं की वर्णन ही उचल आहे. लेखक वाचकाकडून वेळ उचलतो, तो माल घालून फेडायचा असतो. अंबावहिनी झाडाचं नाव घेते तेव्हा त्या झाडाशी तिचा व्यवहार असतो, ते तिच्या घरात, तिच्या आठवणीत कुठं तरी उपयोगाला आलेलं असतं. गाव उठत चालल्यावर तेच झाड परत दिसतं तेव्हा उचल व्याजासकट फिटते. पारबतीनं उचल घेतलीच नाही. तिचं सगळं भांडवल आवाजात आहे. शिंप्याच्या बायकोनं उभं राहून मावळत्या उन्हाकडे बघितलं असतं, तर ते ऊन लेखकाचं झालं असतं, तिचं नाही.

इथं एक शंका येईल की मग ज्यात माणूसच नाही असं वर्णन वाईटच का? थॉमस हार्डीच्या 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' (1878) या कादंबरीचं पहिलं प्रकरण अख्खं एग्डन हीथ नावाच्या माळाला दिलेलं आहे, त्यात एकही पात्र नाही. मी ते पहिल्यांदा वाचताना दोनदा पुस्तक मिटलं होतं. पण पुढं त्या माळातून निसटायला धडपडणारी युस्टेशिया आणि त्याच माळावर परत येऊन राहू पाहणारा क्लिम यांची गाठ पडते, तेव्हा कळतं की भांडणाचा तिसरा पक्ष आपल्याला आधीच दाखवून ठेवला होता. उचल फार मोठी आहे, पण फिटते. आमच्या गटातल्या दोघांना अजूनही ती फिटली असं वाटत नाही, आणि त्यांच्याशी मी फार भांडत नाही. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'ची (1958) बाब तर वेगळीच. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेल्या म्हाताऱ्याचं झाडापाखरांत विरघळून जाणं हीच तिथं गोष्ट आहे, त्यामुळं वर्णन गोष्टीला अडवतं का हा प्रश्नच तिथं लागू होत नाही. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ला (1956) आम्ही त्याच कारणानं यातून बाहेर ठेवलं. ते ललित गद्य आहे, कुणी कशाची वाट बघत नाही, म्हणून कुणी खोळंबतही नाही.

'वाट बघणं' हा शब्द मुद्दाम वापरला. दोन वर्षं मोठ्यानं वाचून आम्हाला जे हाती लागलं ते एवढंच, की वर्णनाच्या आधी काय टांगलेलं आहे ते बघावं. 'बनगरवाडी'च्या सुरुवातीला नोकरीवर रुजू होण्यासाठी एक कोवळा मास्तर पायी निघालेला आहे. पुढं गाव कसं असेल, लोक कसे असतील, शाळा तरी असेल का, हे सगळं अधांतरी आहे. अशा वेळी माळ कितीही लांब असला तरी तो वाचतो, कारण तो मास्तरच्या पावलानं पुढं सरकतो. माडगूळकर चित्रकार होते, कमी रेघांत भागवायची सवय त्यांना होती. आणि कादंबरीच्या शेवटी पाऊस दगा देतो, मेंढरं घेऊन लोक गाव सोडतात, तेव्हा तोच माळ पुन्हा समोर येतो. आपण तो आधी एकदा चाललेलो असतो, म्हणून लेखकाला तिथं हुंदका काढावा लागत नाही.

आता आमच्याच घरातलं एक उदाहरण जरा जवळून दाखवतो. गटातल्या एका तरुणाच्या हस्तलिखितात ज्ञानोबा नावाचा शेतकरी आहे. मृगात एक चांगला पाऊस झाला, त्यानं उधारीवर बियाणं आणून दोन एकरांत सोयाबीन पेरलं, आणि पाऊस गेला. प्रकरणाची सुरुवात पहिल्या खर्ड्यात अशी होती:

"पश्चिम क्षितिजावर सोनेरी किरणांची उधळण झाली होती. आभाळाच्या निळ्याशार पटावर केशरी रंगाचे फराटे उमटले होते. मंद वारा वाहत होता. पाखरं घरट्याकडे परतत होती. ज्ञानोबा बांधावर विचारात बसला होता."

मोठ्यानं वाचताना चौथ्या वाक्याला दोघांचे हात चहाच्या कपाकडे गेले. आमच्याकडे हीच मोजपट्टी आहे आणि ती क्वचितच चुकते. मग आम्ही विचारलं की हे बघतंय कोण? ज्ञानोबा तर नक्कीच नाही. पेरणीनंतर नऊ दिवस पाण्याचा थेंब नसलेल्या माणसाला निळंशार आभाळ निळंशार दिसत नाही, ते मोकळं दिसतं. मंद वाराही चुकीचा. पाऊस उघडतो तेव्हा आमच्या पठारावर वारं सुसाट सुटतं आणि लोक म्हणतात की वाऱ्यानं पाऊस पळवला. कृषी खात्यातल्या साहेबांनी पुढची भर घातली. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं दरवर्षी सांगितलं जातं, कारण वरची चार बोटं ओल आणि खाली कोरडं असलं तर दाणा फुगतो, मोड येतो आणि तिथंच करपतो. म्हणजे ज्ञानोबाला काही कळायचं असेल तर ते आभाळात नाही, मातीत बोट घालून कळेल.

पोरानं महिनाभरानं दुसरा खर्डा आणला:

"ज्ञानोबानं तासातली माती बोटानं उकरली. दुसऱ्या पेरापर्यंत बोट गेलं तरी ओल लागेना. दाणा निघाला तो फुगलेला, त्याला आलेला मोड तांबूस पडलेला. त्यानं तो परत ठेवला आणि वर माती ओढली, पांघरूण घालावं तशी. मग मान वर केली. आभाळ स्वच्छ निघालं होतं. वारं धोतराचा सोगा हातात ठरू देत नव्हतं. मावळतीला सगळं सोन्यासारखं पिवळं झालं होतं, आणि उद्याही ते तसंच होणार होतं."

सोनेरी संध्याकाळ पहिल्या खर्ड्यात होती, ती दुसऱ्यातही आहे. पाखरं आणि मंद वारा गेला, पण शब्द उलट वाढले. पण आता प्रत्येक ओळ ज्ञानोबाच्या प्रश्नाला उत्तर देते आणि दर वेळी उत्तर नकाराचं येतं. करपलेला दाणा परत झाकून ठेवण्यात त्याला स्वतःला कबूल करायचं नाही ते आलं. 'दुःख' हा शब्द लिहायची गरजच पडली नाही. कप कुणी उचलला नाही.

यशानं पोराला चढलं. पुढच्या प्रकरणात ज्ञानोबाची म्हातारी वारली आणि धो धो पाऊस आला. त्याच्या पुढच्यात भावाशी भांडण झालं तर वीज कडाडली. ही जुनी खोड आहे, रस्किननं 1856 मध्येच तिला नाव देऊन ठेवलं होतं, आणि सिनेमानं ती आपल्या हाडात भिनवली आहे. माणूस रडला की आभाळ रडतं असं एकदा ठरलं, की वाचक पुढचा पाऊस आधीच ओळखतो आणि मग त्या पावसानं कुणी भिजत नाही. आम्ही त्याला एवढंच म्हटलं की पाऊस पाडायचाच तर नको तेव्हा पाड. दुबार पेरणीचं सोयाबीन काढून रानात ढीग लावलेत, मळणीयंत्राचा नंबर उद्याचा आहे, आणि परतीचा पाऊस रात्री दोनला येतो. जूनमध्ये ज्या वासासाठी ज्ञानोबानं नाक वर केलं असतं, तोच ओल्या मातीचा वास आता त्याला पलंगावरून उठवून ताडपत्रीकडे धावायला लावतो. एकच वास, चार महिन्यांच्या अंतरानं दोनदा. पहिल्यांदा तो आला नाही म्हणून, दुसऱ्यांदा आला म्हणून.

आत्ताच हे पुस्तक का काढावंसं वाटलं, याचंही कारण या उदाहरणातच आहे. आमच्या शिवारातली खरिपाची ज्वारी गेल्या तीस वर्षांत सोयाबीननं हटवली, पण लिहिणाऱ्यांच्या वहीत सप्टेंबरमध्ये अजून कणसंच डोलतात. आलेल्या एका हस्तलिखितात एकाच पानावर आंब्याचा मोहोर, तुरीची पिवळी फुलं आणि मृगाची सर होती, म्हणजे माघ, कार्तिक आणि ज्येष्ठ एकाच दुपारी. शहरातल्या वाचकाला हे खटकणार नाही असं लेखक म्हणाला. नाही खटकणार कदाचित. पण ज्याला पीक खोटं दिसतं, त्याचा त्या पिकावर जगणाऱ्या माणसावरचा विश्वासही उडतो. उलट, वेळ अमावस्येचं एक साधं पान वाचताना आम्ही सगळे गप्प झालो होतो. रानात कडब्याची कोप, आत चुना लावलेले पांडवांचे पाच दगड, भज्जी आणि आंबील, आणि घरातली एक सून, जी या वर्षी पंगतीत बसत नाही, नुसती वाढत राहते. लेखिकेनं हरभऱ्याच्या घाट्यांवर एक वाक्य खर्च केलं होतं. ते वाक्य सुनेच्या नजरेतून होतं आणि घाटे अजून भरायचे होते. तिला काय झालंय ते पुढच्या प्रकरणात कळलं.

या पुस्तकातल्या प्रत्येक लेखात एकच कादंबरी आणि तिच्यातली एकच जागा घेतली आहे, जिथं गोष्ट थांबून भोवताल बघू लागते. ती जागा तिथं का आहे, कुणाच्या डोळ्यांनी आहे, काढली तर पुढं काय तुटतं, एवढंच लेखकांनी शोधलं आहे. सुंदर वर्णनांचा हा संग्रह नाही आणि झाडांची यादीही नाही. सगळ्या लेखांचं एकमेकांशी जुळत नाही. 'तुंबाडचे खोत'मधल्या (1987) जगबुडी नदीबद्दल तर दोन लेख एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एकाला ती नदी कादंबरीचा कणा वाटते, दुसऱ्याला तिच्यापायी दोन खंडांतली काही पानं फुगलेली वाटतात. दोन्ही ठेवले आहेत.

ज्ञानोबाचे दोन्ही खर्डेही शेवटी पूर्ण छापले आहेत. दुसऱ्या खर्ड्यातलं "उद्याही ते तसंच होणार होतं" हे टोक कापावं असं आमच्यातल्या पाच जणांचं मत होतं. तिथं ज्ञानोबा संपून लेखक बोलू लागतो, असं आम्हाला वाटलं. पोरगं ऐकलं नाही. म्हणालं, "सर, त्या दिवशी मी बांधावर होतो. आमच्या आबांच्या मनात हेच होतं." आम्ही पेन्सिलीची खूण पुसून टाकली.

उदगीर